खडीतून वर येणारा चिखल

आगगाडीच्या रुळांखाली खडी कशासाठी घालतात, असा प्रश्न वर्गात विचारला असता बहुतेक मुले "रूळ घट्ट बसावेत म्हणून" असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. रूळ नुसते घट्टच बसवावयाचे असते, तर सिमेंटाची फरसबंदी करून मोकळे होता आले असते. खडीची दोन कामे याहून अवघड आहेत. गाडीचे ओझे खालच्या मातीस सोसवेल इतके पसरावयाचे, आणि आभाळातून पडलेले पाणी क्षणभरही थारा न देता बाजूस काढून द्यावयाचे. यांपैकी दुसरे काम बिघडले की पहिले आपोआप बिघडते, आणि मग खडीतून चिखल वर येऊ लागतो. या चिखलाची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो. ती आपल्याच मुलुखात, भाताच्या खाचरांत आणि पावसाच्या धारेत घडणारी आहे.

पोलादपूर तालुक्यात रूळ नाहीत. तिकडील माणसास गाडी धरावयाची तर वीर किंवा करंजाडी गाठावे, नाही तर कशेडीचा घाट ओलांडून खेडास जावे. महाड तालुक्यात मात्र कोकण रेल्वे येते, तीही शहरास बगल देऊन. रोहे ते वीर हा या लोहमार्गाचा उत्तरेकडील पहिला तुकडा १९९३ साली वाहतुकीस खुला झाला, आणि १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळुरापर्यंत सलग मार्ग पुरा झाला. पुढे रोहे ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरांच्या अंतरात दुसरा रूळमार्ग घालण्यात आला व तो २०२१ च्या ऑगस्टात सुरू झाला. म्हणजे वीर स्टेशनावर दुहेरी मार्ग संपतो आणि दक्षिणेस एकेरी चालू होतो. कोकण रेल्वे म्हटली की लोकांस बोगदे, उंच पूल आणि दरडी आठवतात, आणि ते साहजिकच आहे. २००४ च्या जूनमध्ये करंजाडीजवळ आंबोलीच्या पुलापाशी दगड मार्गावर आल्याने मत्स्यगंधा एक्सप्रेसला झालेला भीषण अपघात या तालुक्याने पाहिला आहे. परंतु डोंगर संपून मार्ग जेथे सपाटीवर उतरतो, सावित्री आणि काळ या नद्यांच्या गाळाच्या जमिनीवरून जातो, तेथे एक निराळाच शत्रू असतो. तो कोसळत नाही, गडगडत नाही. तो खालून हळूहळू वर येतो.

या जमिनीची ओळख आमच्या वाचकांस नव्याने करून द्यावयास नको. आषाढात चिखलणी झालेल्या खाचरात पाय टाकला म्हणजे तो नडगीपर्यंत खाली जातो. आता थोडे गणित करू. साठ किलो वजनाचा मनुष्य एका पायावर उभा राहिला, आणि त्याचा तळवा दीडशे चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरावर ४०० ग्रॅम भार पडतो. तेवढाही भार त्या चिखलास सोसत नाही. तीच माती उन्हाळ्यात वाळली म्हणजे तिच्यावरून भरलेली बैलगाडी जाते आणि चाकोरीसुद्धा नीट उमटत नाही. माती तीच, फरक केवळ पाण्याचा. पुढचे सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

आता आगगाडीचा भार पाहू. मालगाडीच्या भरलेल्या डब्याच्या एका आसावर बावीस टनांच्या आसपास ओझे असते. म्हणजे एका चाकाखाली अकरा टन. रूळ हा ताठ असल्यामुळे हे ओझे एकाच स्लीपरावर न पडता आजूबाजूच्या स्लीपरांतही वाटले जाते. तरीही चाकाच्या अगदी खालच्या स्लीपराच्या वाट्यास त्यातील निम्मे, सुमारे पाच टन, येते असे धरावे. कोकण रेल्वेवर स्लीपर काँक्रीटचे आहेत, आणि एकेकाचे वजन अडीचशे किलोहून अधिक भरते. अशा स्लीपराचा तळ २५ सेंटिमीटर रुंद, आणि रुळाखालचा त्याचा खरा टेकणारा भाग सुमारे ९० सेंटिमीटर लांब मानला, तर पाच हजार किलोंचा भार २,२५० चौरस सेंटिमीटरांवर पडतो. दर चौरस सेंटिमीटरास सव्वादोन किलो झाले. ओल्या मातीवर हा भार थेट ठेवला तर स्लीपर खाचरातील पायाप्रमाणे खाली जाईल.

येथे खडी कामास येते. खडीचे दगड टोकदार असून एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे वरचा एक दगड खालच्या दोन-तीन दगडांवर आपले ओझे देतो, ते आणखी खालच्या दगडांवर, आणि असे करीत भार बाजूस पसरत जातो. स्थूलमानाने, जितके खाली जावे त्याच्या निम्मे तो प्रत्येक बाजूस पसरतो असे धरतात. स्लीपराखाली तीस सेंटिमीटर स्वच्छ खडी असेल, तर २५ सेंटिमीटरांची रुंदी ५५ होते आणि ९० ची लांबी १२० होते. मग तेच पाच हजार किलो ६,६०० चौरस सेंटिमीटरांवर पसरतात, आणि मातीवर दर चौरस सेंटिमीटरास पाऊण किलो भार उरतो. गाडी धावती असल्यामुळे त्यात निम्म्याने भर घातली तरी तो किलो-सव्वा किलोच्या आत राहतो. नीट दाबलेल्या व कोरड्या राखलेल्या भरावास हे पेलते. आता समजा, त्या तीस सेंटिमीटरांपैकी खालचे पंधरा चिखलाने भरून गेले आणि निकामी झाले. उरलेल्या पंधरांत भार ४० गुणिले १०५, म्हणजे ४,२०० चौरस सेंटिमीटरांवरच पसरतो, आणि मातीवरील दाब दर चौरस सेंटिमीटरास पाऊण किलोवरून एकदम एक किलो दोनशे ग्रॅमवर जातो. खडी अर्धी मेली की मातीवरचा भार दीडपटीहून अधिक वाढला. शिवाय हे ध्यानात ठेवावे की, हा हिशेब सरासरीचा आहे. प्रत्यक्षात मातीस टेकते ती खडीची सपाटी नव्हे, खडीची टोके टेकतात, आणि टोकाखालचा दाब सरासरीच्या कितीतरी पट असतो.

मग चिखल वर कसा येतो? दगड जड, चिखल हलका, म्हणून दगड बुडतो आणि चिखल तरंगतो, असे कोणी म्हणेल. तेवढे पुरेसे नाही; तसे असते तर गाडी न जाणाऱ्या बाजूच्या मार्गावरही चिखल तितक्याच वेगाने चढला असता. यात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बारीक माती, पाणी, आणि पुन:पुन्हा येणारा धक्का. पाऊस पडला, पाणी खडीतून खाली उतरले आणि मातीच्या माथ्यावर येऊन थांबले, कारण चिकण मातीतून पाणी फार सावकाश मुरते. मातीचा वरचा बोटभर थर मऊ झाला. तेवढ्यात गाडी आली. चाक स्लीपरावर आले, तेव्हा स्लीपर खाली दबला. खडीची टोके मऊ थरात शिरली. त्या थरातील पाण्यास बाहेर पडावयास सवड नाही, म्हणून दगडांचा भार मातीच्या कणांऐवजी पाण्यानेच घेतला, आणि पाण्यात दाब चढला. दाबलेले पाणी वाट काढील ती कोठे? खाली घट्ट माती आहे. वर मात्र दगडांमधील पोकळ्या आहेत. ते वर उसळले, आणि येताना मातीचे बारीक कण घेऊन आले. चाक पुढे गेले, रूळ पुन्हा वर उचलला, त्यास जखडलेला स्लीपरही वर उचलला, आणि स्लीपराखाली क्षणभर पोकळी झाली. पोकळीने चिखलपाणी आणखी वर ओढले. पिचकारीचा दट्ट्या खालीवर करावा तशी ही क्रिया होते. म्हणूनच रेल्वेचे लोक या विकारास 'पंपिंग' म्हणतात. बावीस डब्यांच्या एका प्रवासी गाडीस डब्यांचे ८८ आणि इंजिनाचे ६ मिळून ९४ आस असतात. म्हणजे एक गाडी जाताना तो दट्ट्या चौऱ्याण्णव वेळा हलतो. दिवसास चाळीस गाड्या धरल्या तर पावणेचार हजार वेळा. एका वेळी चिमूटभर माती वर आली तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती किती होईल, याचा अंदाज मुलांनीच करावा.

दगडांमधील ही पोकळी किती असते, हे घरी पाहता येते. एक डबा खडीने काठोकाठ भरावा आणि त्यात मापाने पाणी ओतावे. दहा लिटरांच्या डब्यात चार ते साडेचार लिटर पाणी सहज मावते. भरलेला दिसणारा डबा निम्म्याच्या जवळपास रिकामा असतो! ही पोकळी हेच खडीचे वैभव होय. ती माती भरून नाहीशी झाली म्हणजे दगडांची टोके एकमेकांत न अडकता ओल्या मातीच्या लेपावर घसरू लागतात, आणि पाणी तर जागचे हलतच नाही. पावसाळ्यात असा भाग लापशीसारखा होतो. उन्हाळ्यात तोच विटेसारखा कडक होऊन बसतो, व त्यावरील गाडीस धक्के बसतात. खडीचे मरण हे असे दुहेरी असते.

परंतु खडीत सापडणारी सर्व घाण खालच्या मातीतूनच येते, असा समज करून घेणे बरोबर नाही. सेलिग आणि वॉटर्स यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उत्तर अमेरिकेतील मार्गांचा हिशेब दिला आहे. त्यात खडीतील बारीक द्रव्यापैकी शेकडा ७६ भाग खडीच्याच झिजेतून व तुटीतून आलेला आढळला. अगदी तळाच्या मूळ मातीचा वाटा शेकडा ३ इतकाच होता. आपल्याकडील पाऊस व माती निराळी, तेव्हा हे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तरी मुद्दा मोलाचा आहे. गाडीच्या धक्क्याने दगड दगडावर घासतो. शिवाय स्लीपराखाली खडी दाबून बसविण्यासाठी यंत्राची पोलादी बोटे खडीत खुपसतात, तीही दगडांची टोके मोडतात. दुरुस्तीच रोगाचे एक कारण होते, ही विचित्र वाटणारी गोष्ट खरी आहे. वरून पडणारी धूळ, मालगाडीतून सांडलेला कोळसा आणि डोंगराच्या कापावरून वाहून आलेली माती यांचीही त्यात भर पडते.

मग चिखल कोठून आला, हे ओळखावे कसे? उत्तर कोकणात याची एक सोपी खूण निसर्गानेच दिली आहे. आपल्याकडे खडी काळ्या पाषाणाची असते, आणि तिची पूड ओली झाली म्हणजे राखी रंगाचा लगदा होतो. भरावाची माती व मुरूम बहुधा तांबडा किंवा तपकिरी असतो. स्लीपराच्या कडेस उडालेले शिंतोडे राखी असतील तर दगड झिजत आहे. तांबडे असतील तर खालून माती चढत आहे, किंवा बाजूच्या कापावरून ओघळत आहे. यात शंका राहिली तर स्लीपराच्या टोकापाशी आडवा खड्डा खणून पाहतात. वरची खडी स्वच्छ आणि तळाची मातीने माखलेली असेल तर रोग खालचा. वरची माखलेली व तळाची स्वच्छ असेल तर रोग वरचा. दोन्ही सारखी राखी असेल तर दोष दगडाचा.

खड्ड्यात कधीकधी आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची आहे. भरावाचा माथा मुळात मधोमध किंचित उंच आणि दोन्ही बाजूंस उतरता, कौलारू घराच्या पाख्याप्रमाणे केलेला असतो, म्हणजे पाणी पागोळीसारखे बाजूस पडावे. परंतु जेथे माती मऊ झाली तेथे रुळांखालचा भाग खचतो, आणि पाख्याच्या जागी वाटी तयार होते. रूळ खाली बसले असे पाहून मुकादम तेथे आणखी खडी घालतो आणि रूळ वर उचलून देतो. वरून सर्व ठीक दिसते. पण आता त्या वाटीत खडी भरली गेली, आणि खडीच्या पोकळीत पाणी साठले. मातीची ती वाटी म्हणजे भरावाच्या पोटात दडलेले तळेच झाले. पुढच्या पावसाळ्यात तळाची माती आणखी भिजते, आणखी खचते, आणखी खडी लागते. वाटी खोल होत जाते. एखाद्या ठिकाणी पाच-सहा वर्षांत कितीतरी वाघिणी खडी गडप झाली आणि तरीही रूळ बसतातच, असे झाले म्हणजे समजावे की ही खडीची उणीव नव्हे, पाण्याचा तुंबारा आहे. बाजूची माती फुगून वर आली असेल तर संशयच नको. मधोमध जे खाली गेले तेच तेथे वर आले आहे.

याचाच अर्थ असा की, नुसती खडी वाढविणे हा उपाय नव्हे. प्रथम पाण्यास वाट द्यावयाची. बाजूच्या खांद्यावर माती व गवत साचून बांध झाला असेल तर तो खरवडून उतार मोकळा करावयाचा. कापाच्या तळाची गटारे पावसाळ्यापूर्वी उपसावयाची. वाटी झाली असेल तेथे आडवे चर खणून व त्यांत दगड भरून तिचे पाणी बाहेर काढावयाचे. बांधाची एक बाजू फोडली की खाचर रिकामे होते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. वीरपर्यंत झाले तसे जुन्या मार्गाच्या शेजारी दुसरा मार्ग घालताना तर याची विशेष काळजी घ्यावी लागते. नवा भराव जुन्यास पायऱ्या कापून सांधतात, म्हणजे तो घसरत नाही. परंतु नव्या भरावाची माती जुन्यापेक्षा चिकण असली, किंवा त्याचा माथा बोटभर जरी उंच राहिला, तरी जुन्या मार्गाचे पाणी ज्या बाजूने जात होते ती बाजू बंद होते आणि तीस वर्षे निरोगी असलेला मार्ग आजारी पडतो.

पाणी काढले तरी चिकण मातीवर थेट खडी ठेवणे सुरक्षित नाही. दोहोंच्या मध्ये एक तिसरा थर हवा. रेल्वेत त्यास 'ब्लँकेट' म्हणतात, आणि आम्हास हा शब्द आवडतो. मातीवर पांघरलेली घोंगडीच ती. या थराची जाडी मातीच्या गुणाप्रमाणे अर्ध्या मीटरापासून एक मीटरापर्यंत ठेवतात. तो कशाचा करावा, यात मात्र मौज आहे. तीन सारख्या गोट्या एकमेकींस चिकटवून ठेवल्या तर त्यांच्या मधील फटीतून केवढी लहान गोटी जाईल? भूमितीने उत्तर निघते की, मोठीच्या व्यासाच्या साडेसहाव्या भागाएवढी. त्याहून मोठी अडकते. म्हणजे वरच्या थराचे कण खालच्या थराच्या कणांपेक्षा पाच-सहा पटींहून मोठे नसतील, तर खालचे कण वर निसटू शकत नाहीत. मृदाशास्त्राचा पाया घालणारे कार्ल टेरझागी यांनी १९२० नंतरच्या दशकात याच तत्त्वावर गाळणीचा नियम बसविला: वरच्या थरातील बारीक कण खालच्या थरातील जाड कणांच्या चार-पाच पटींहून मोठे असू नयेत.

आता हा नियम आपल्या मार्गास लावून पाहू. रेल्वेची खडी साधारण २० पासून ६५ मिलिमीटरांपर्यंत असते. तिच्यातील बारीक दगड २५ मिलिमीटरांचे धरू. खाचराच्या गाळातील जाड कण मिलिमीटराच्या विसाव्या भागाएवढे, म्हणजे ०.०५ मिलिमीटर धरू. दोहोंत पाचशे पटींचे अंतर आहे! पाच पटींची मर्यादा असता पाचशे पटींची फट ठेवल्यावर चिखल वर न येईल तरच नवल. मधल्या थराने दोन्हीकडे जुळवून घ्यावयाचे आहे. खाली मातीशी जुळण्यासाठी त्याचे बारीक कण ०.०५ च्या पाचपट, म्हणजे पाव मिलिमीटराहून मोठे नसावेत. वर खडीशी जुळण्यासाठी त्याचे जाड कण २५ च्या पाचव्या भागाहून, म्हणजे ५ मिलिमीटरांहून लहान नसावेत. म्हणून ब्लँकेटात बारीक वाळूपासून जाड रेतीपर्यंत सर्व आकारांचे कण मिसळलेले लागतात. समुद्रकाठची एकसारखी बारीक वाळू आणून पसरली तर ती माती अडवील खरी, पण खडीच्या पोकळ्यांतून स्वत:च वर चढेल. चिकण मातीचा अंश फार असलेला मुरूम पसरला तर पाणी अडेल. दिसावयास सोपा असलेला हा थर सामान निवडण्यात चुकला तर रोग बरा होण्याऐवजी पालटतो, इतकेच. हल्ली कृत्रिम धाग्यांचे जाड कापडही मध्ये घालतात. ते दोन थर मिसळू देत नाही, हा त्याचा उपयोग. परंतु थेट खडीखाली घातले तर टोकांनी फाटते, आणि थेट चिकण मातीवर एकटेच घातले तर बारीक कणांनी बुजून जाते किंवा त्यांस आरपार जाऊ देते. वाळूच्या थरासोबत ते चांगले काम करते. वाळूच्या बदली घातले तर तितकेसे नाही.

मऊ जमिनीवर लोहमार्ग बांधण्याची ही धडपड आगगाडीइतकीच जुनी आहे. इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर हा मार्ग १८३० साली सुरू झाला, तेव्हा जॉर्ज स्टीफन्सन यास चॅट मॉस नावाची कित्येक मैलांची दलदल ओलांडावी लागली. तेथे टाकलेला भराव महिनोन् महिने गिळला जात होता. स्टीफन्सनने चर खणून पाणी काढले. चर टिकेनात तेथे तळ काढलेली डांबराची पिंपे एकापुढे एक ठेवून त्यांची मोरी केली. आणि झुडपांच्या फांद्या विणून केलेले ताटवे पसरून त्यांवर मार्ग जणू तरंगत ठेवला. आपल्याकडील शेतकरी चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकाखाली काटक्या व पेंढा घालतो, त्यातील युक्ती हीच. चॅट मॉसवरून आजही गाड्या धावतात. मात्र तेथील जमीन कुजलेल्या वनस्पतींची, तंतुमय आहे. आपला नदीचा गाळ बारीक व चिकण. तंतूंची ती दलदल पुष्कळशी दबून राहते, गाळ मात्र धक्क्याने पातळ होतो. म्हणून तेथील ताटव्यांनी येथील खडीचे रक्षण झाले नसते.

सावित्रीच्या खोऱ्यात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. पूर आला की भरावाच्या पायथ्याशी पाणी दिवसेंदिवस राहते आणि माती आतपर्यंत भिजते. पूर ओसरताना नदी झपाट्याने उतरते, पण भरावातील पाणी तितक्या लवकर उतरत नाही. ते आतून बाहेर दाबत राहते. वरून कोरडा दिसणारा भराव त्या दिवसांत सर्वांत दुबळा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी थांबलेल्या गाड्या पुन्हा सोडण्याची घाई असते. म्हणून पुरानंतर पहिली गाडी पायी चालत पाहणी करून मगच व धीम्या गतीने नेतात. दुसरी बाजू नदीकाठच्या लोकांची. २२ जुलै २०२१ च्या महापुराने महाड शहर बुडाले, त्यानंतर दासगावकडील रेल्वेचा भराव सावित्रीच्या पाण्यास अडथळा करतो, तेथे मोऱ्या व पुलाची लांबी वाढवावी, अशी मागणी महाडकरांनी जोराने मांडली. पुराची कारणे अनेक आहेत, आणि कोणाचा वाटा किती, हे जलतज्ज्ञांनी मोजून सांगावयाचे काम आहे. परंतु भरावात पाण्यास पुरेशी वाट असणे हे शहराच्या जितके हिताचे, तितकेच रुळांच्याही हिताचे आहे, एवढे वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी आले असेल. तुंबलेले पाणी दोघांचेही शत्रू आहे.

रोग जडल्यावर खरा उपचार म्हणजे खडी काढून चाळणे. स्लीपराच्या तळाखाली तीस सेंटिमीटरांपर्यंत सर्व खडी उपसतात, चाळणीवर टाकून माती व पूड वेगळी करतात, वीस मिलिमीटरांहून बारीक ते फेकून देतात, स्वच्छ दगड परत भरतात आणि उणे पडेल तितकी नवी खडी घालतात. पूर्वी हे सर्व काम फावडी, दाताळी आणि घमेली घेऊन गँग करीत असे. हल्ली रुळांवरून चालणारे मोठे यंत्र साखळीने खडी उपसते, पोटात चाळते आणि माती बाजूस दूर फेकते. माती दूर फेकणे हेही महत्त्वाचे. ती खांद्यावरच पडू दिली तर पहिल्या पावसात परत खडीत शिरते. उपसल्यावर तळाचा उतार पुन्हा बाजूस काढून घ्यावा लागतो. तो न काढता स्वच्छ खडी वाटीत परत भरली तर सर्व श्रम एका पावसाळ्याचे.

नव्याने भरलेली खडी सैल असते, दगडांनी अजून एकमेकांस धरलेले नसते. म्हणून अशा जागी गाडी आरंभी ताशी वीस किलोमीटरांनी नेतात; गाड्यांच्याच भाराने ती बसत जाते, मध्यंतरी पुन्हा पुन्हा दाबून घेतात, आणि टप्प्याटप्प्याने वेग वाढवितात. यंत्राने दाबली तर पूर्ण वेग येण्यास दहा दिवसांच्या आसपास लागतात, हाताने दाबली तर तीन आठवडे. वीरकडे जाताना एखाद्या उन्हाळ्यात गाडी मोकळ्या मार्गावर, सिग्नल नसता, मंदावली आणि रुळांकडेस मातीचा नवा ताजा ढीग दिसला, तर मुलांनी खिडकीतून त्या ढिगाचा रंग पाहून ठेवावा. राखी की तांबडा, एवढ्यावरून ते आपल्या शेजारी बसलेल्या वडिलांस सांगू शकतील की, येथे दगड झिजला होता की खालून माती चढली होती.